डिसेंबरची सावली उजवीकडे कशी?

माझ्या मावसभावाने बोरिवली पूर्वेला फ्लॅट बुक केलाय. १२ डिसेंबरला बिल्डरकडून व्हॉट्सअॅपवर फोटो आला, ‘अकरावा स्लॅब पूर्ण’, आणि पाठोपाठ पुढच्या हप्त्याचं डिमांड लेटर. आमच्याकडे फोटो तपासायचा म्हटलं की लोक आधी तारीख बघतात. पण व्हॉट्सअॅपवर साध्या पद्धतीने पाठवलेल्या फोटोतून कॅमेऱ्याने नोंदवलेली तारीख-वेळ निघून जाते. कोपऱ्यात छापलेली तारीख आणि जीपीएसचे आकडे अॅप टाकतं, आणि तारखेसाठी ते फोनच्या घड्याळावर विसंबतं. घड्याळ कुणीही मागेपुढे करू शकतं. सूर्य मात्र कुणाला मागेपुढे करता येत नाही.

फोटोत मागे राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर दिसत होते. बोरिवलीहून ते पूर्वेला आहेत, म्हणजे फोटो काढणाऱ्याचं तोंड पूर्वेकडे, डावा हात उत्तरेला, उजवा दक्षिणेला. फोटो आरशासारखा उलटा केलेला नव्हता, कारण मिक्सरवरची अक्षरं सरळ वाचता येत होती. स्लॅबमधून वर आलेल्या कॉलमच्या सळयांच्या सावल्या कॅमेऱ्याकडे येत होत्या, आणि येता येता किंचित उजवीकडे, म्हणजे दक्षिणेकडे कलत होत्या.

इथेच गोम आहे. २३ सप्टेंबरच्या सुमारास सूर्य विषुववृत्त ओलांडून दक्षिणेला जातो आणि थेट २० मार्चच्या आसपास परततो. या सहा महिन्यांत मुंबईतून पाहिलं तर तो आग्नेयेकडे झुकून उगवतो, दुपारी दक्षिणेकडून जातो आणि नैर्ऋत्येकडे मावळतो. डिसेंबरात उगवतानाच तो पूर्वेपासून सुमारे २५ अंश दक्षिणेला असतो. दिवसभर तो दक्षिणेच्याच बाजूला, म्हणून सावली दिवसभर उत्तरेकडेच कललेली. फोटो किती वाजता काढला, हे कळायचीसुद्धा गरज नाही. डिसेंबरात मुंबईत दक्षिणेकडे कललेली सावली सकाळी नाही, दुपारी नाही, संध्याकाळी नाही.

उन्हाळ्यात गोष्ट वेगळी. मुंबईत १५ मे आणि २७-२८ जुलैच्या सुमारास भर दुपारी सूर्य नेमका डोक्यावर येतो, आणि या दोन तारखांच्या मधल्या काळात तर मध्यान्हीची सावलीही दक्षिणेला पडते. सकाळ-संध्याकाळी दक्षिणेकडे कलणं त्याहून लांब काळ, मार्च अखेरीपासून सप्टेंबरपर्यंत चालतं.

आता थोडं मोजमाप. सळई अंदाजे एक मीटर वर होती आणि सावली तिच्या दुप्पट. म्हणजे सूर्य क्षितिजापासून सुमारे २६ अंश वर होता. उपग्रह नकाशावर इमारतीची लांब कड जवळजवळ पूर्व-पश्चिम दिसते. त्या कडेशी ताडून पाहिलं तर सावली साधारण १५ अंश दक्षिणेला वळलेली. १२ डिसेंबरला सूर्य सकाळी इतकाच वर असताना सावली सुमारे ४० अंश उत्तरेकडे वळलेली असती. फरक पन्नास अंशांहून मोठा. फोटोत डोळ्याची चूक पाच-सात अंशांची होते, पन्नासची नाही. याच आकड्यांतून उलटं गणित केलं तर तारीख मे अखेर किंवा जुलैच्या मध्याजवळ येते, आणि मोजमापातली चूक धरली तर मेच्या सुरुवातीपासून ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत कुठलीही. डोंगर तपकिरी होते. जुलैत ते हिरवेगार असतात, म्हणून मी मेकडे बोट दाखवलं.

पण मे महिन्यात अकरावा स्लॅब कुठून आला? शेजारच्या सात मजली सोसायटीच्या गच्चीवर काळी पाण्याची टाकी आहे. तुम्ही टाकीहून उंच असाल तर तिचं झाकण वरून दिसतं. फोटोत झाकण दिसत नव्हतं, फक्त बाजू दिसत होती. म्हणजे कॅमेरा फार तर टाकीच्या उंचीवर. फोटो खालच्याच कुठल्या तरी स्लॅबचा होता, आणि स्लॅब सगळे सारखेच दिसतात.

याच्या मर्यादाही आहेत. सावली वर्ष सांगत नाही, गेल्या डिसेंबरचा फोटो या परीक्षेत आरामात पास होईल. एकच सावली वर्षात दोनदा येते, १० एप्रिलची आणि १ सप्टेंबरची जवळजवळ सारखीच. आणि फोटोवर रंगीत डाग उमटवून ‘बनावट भाग’ दाखवणाऱ्या साइट्सच्या नादी लागू नका. व्हॉट्सअॅप पूर्ण फोटो नव्याने दाबून साठवतं, त्यामुळे ते डाग जवळपास निरर्थक असतात. दुसऱ्याच इमारतीचा फोटो उचललाय का, हे मात्र गूगल लेन्सवर टाकून बघावं.

भावाने बिल्डरच्या ऑफिसात विचारल्यावर उत्तर आलं, ‘ग्रुपवर चुकून जुना गेला.’ त्याने मागणी केली की नवा फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवा, म्हणजे आतली नोंद टिकते, आणि त्यात डोंगर व ती टाकी दोन्ही दिसू द्या. आठवड्याने फोटो आला. तळघरातल्या पार्किंगचा, ट्यूबलाइटखाली काढलेला.