धुरांडं उंच, पण धूर उतरतो कुठे?

नवी मुंबईत ठाणे-बेलापूर रस्त्याच्या पूर्वेला कारखाने आणि त्यांच्या पाठीशी पारसिकचे डोंगर, पश्चिमेला घणसोली, कोपरखैरणे आणि पुढे खाडी. एमआयडीसी 1962 ची, सिडको 1970 ची. जुनी गावठाणं सोडली तर इथे आधी धुरांडी आली, मग इमारती.

धुराचं गणित तोवर परदेशात मांडून झालं होतं. ब्रिटनमध्ये सटन यांनी 1930 च्या दशकात धूर कसा पसरतो याचं सूत्र दिलं. पास्क्विल यांनी 1961 मध्ये हवेचे ‘ए’ ते ‘एफ’ असे सहा वर्ग पाडले: ‘ए’ म्हणजे उन्हाने घुसळलेली हवा, ‘एफ’ म्हणजे रात्रीची निपचित. कल्पना सोपी आहे. गरम धूर धुरांड्याच्या तोंडातून निघून आणखी थोडा वर चढतो, मग वाऱ्याबरोबर आडवा होतो आणि पुढे जाता जाता चहूबाजूंनी फुगत जातो. फुगता फुगता त्याची खालची कड जमिनीला टेकली की नाकाला कळतं. उंची दुप्पट केली तर जमिनीवरचं सर्वांत जास्त प्रमाण साधारण चौथाईवर येतं. धूर मात्र तेवढाच राहतो, फक्त लांब जाऊन पडतो.

आपल्याकडे 1981 च्या हवा कायद्यानंतर केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा धुरांड्याच्या उंचीचा नियम रूढ झाला: `H = 14 Q^0.3`. यात Q म्हणजे ताशी किती किलो सल्फर डायऑक्साइड, आणि H मीटरमध्ये. ताशी 20 किलोला सुमारे 34 मीटर, 40 किलोला 42. उत्तर 30 च्या खाली आलं तरी धुरांडं किमान 30 मीटरचं हवंच. या सूत्रात वारा कुठेच नाही, आणि खरी गोम तिथेच आहे.

समजा धूर 50 मीटरवर आडवा झाला. धूर किती पसरतो याचे सपाट, मोकळ्या जमिनीचे नेहमीचे गुणांक घेतले, तर उन्हाच्या दुपारी (वर्ग ‘बी’) तो जमिनीवर सर्वांत दाट होतो साधारण 300 मीटरवर. ढगाळ, वाऱ्याच्या दिवशी 900 मीटरवर. थंडीतल्या स्वच्छ, शांत रात्री तेच अंतर सुमारे चार किलोमीटरवर जातं.

दुपारी समुद्राकडचा वारा धूर डोंगराकडे ढकलतो. रात्री जमिनीवरचा वारा उलटा, वस्तीकडे. पण त्या रात्री उंच धुरांड्याचा पट्टा बहुतेक घरांवरून निघून जातो. त्यामुळे रात्री बाराला खिडकीतून उग्र वास आला, तर मी आधी बुटक्या व्हेंट आणि उघड्या टाक्यांवर संशय घेईन. उंच धुरांड्याची पाळी सकाळी येते. ऊन चढलं की जमिनीलगतची हवा घुसळू लागते आणि रात्रभर वर तरंगत राहिलेला पट्टा अर्ध्या-पाऊण तासात खाली ओढला जातो. ही अवस्था धूर पसरण्याच्या साध्या सूत्रात बसत नाही. वारा पडला तरी ते कोलमडतं, कारण उंचीच्या नियमात नसलेला वाऱ्याचा वेग इथे छेदात असतो. पारसिकच्या उतारावरही सपाट जमिनीचे गुणांक लागू पडत नाहीत, तिथे प्रत्यक्ष मोजूनच पाहावं लागतं.