पळी, बळी की मळी?

“कानाला मशीन लावलंय ना, मग ऐकू येतंच की!” कोल्हापूरजवळच्या एका शाळेत सहावीच्या वर्गात श्रवणयंत्र लावणाऱ्या एका मुलीबद्दल हे ऐकलं आणि हा लेख लिहायला बसलो. चष्मा लावला की अक्षर स्पष्ट दिसतं, तसं श्रवणयंत्राचं होत नाही. ते बाईंचा आवाज वाढवतं, तसाच पंख्याचा आणि रस्त्यावरच्या ट्रॅक्टरचाही वाढवतं.

म्हणून मुलीला कुठं बसवायचं, हा भौतिकशास्त्राचा प्रश्न आहे. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज सुमारे ६ डेसिबलनं उतरतो. बाईंचा आवाज १ मीटरवर ६५ धरला, तर २ मीटरवर ५९ आणि ४ मीटरवर ५३. वर्गातला गोंगाट ५० असेल, तर मागच्या बाकावर आवाज गोंगाटापेक्षा जेमतेम ३ नं वर उरतो. अशा मुलांना हा फरक १५ च्या आसपास लागतो. बंद खोलीत प्रतिध्वनीमुळं आवाज इतका उतरत नाही, पण तोच प्रतिध्वनी शब्द पुसट करतो.

पहिल्या बाकावर बसवलं की काम झालं, असंही नाही. तिथून मागं बोलणारी मुलं दिसत नाहीत. त्या मुलीचा उजवा कान बरा होता, म्हणून तिला डाव्या कडेच्या दुसऱ्या बाकावर बसवलं. बरा कान वर्गाकडं आला. बाईंनी खिडकीसमोर उभं राहणं सोडलं, कारण मागून उजेड आला की चेहरा काळा दिसतो आणि ओठ वाचता येत नाहीत.

ओठांचं मला फार कुतूहल आहे. प, ब आणि म म्हणताना ओठ सारखेच मिटतात. फरक होतो तो कंठात आणि नाकात, आणि तो डोळ्यांना दिसत नाही. क, ग तर जिभेच्या मागच्या भागातून येतात, त्यामुळं ‘गूळ’ म्हणताना फक्त ओठांचा चंबू दिसतो. धडा बाष्पीभवनाचा होता, उदाहरण गुऱ्हाळाचं. बाई म्हणाल्या, “रस उकळला की मळी काढतात.” मुलीनं वहीत पळी काढली. चूक बुद्धीची नव्हती. ओठांवर पळी, बळी आणि मळी एकच दिसतात.

पुढच्या तासाला रस, मळी, काकवी, गूळ हे चार शब्द बाईंनी आधीच फळ्यावर लिहिले आणि शेजारी काहिलीची चित्रं लावली. लिहिताना त्या बोलल्या नाहीत. चित्र दाखवल्यावरही थोडा वेळ गप्प राहिल्या, कारण मुलगी एका वेळी चित्र बघेल किंवा ओठ. “समजलं का?” हे विचारणंही सोडलं, त्यावर मान हमखास हलते. त्याऐवजी तिला चार चिठ्ठ्या दिल्या. ‘मळी’ची चिठ्ठी तिनं उकळत्या रसावरच्या फेसाखाली लावली, पण ‘काकवी’पाशी अडखळली. मग तिथं चमचाभर खरी काकवी आणून दाखवावी लागली.