रोजच्या रिपोर्टची वेळ अलीकडे घ्यायची आहे? अर्ज परत येऊ नये म्हणून

‘रिपोर्ट लवकर मिळावा ही विनंती.’ एवढ्या एका ओळीचे अर्ज टेक्निकल टीमकडे येतात आणि तसेच परत जातात. फॉर्म भरणं अवघड नाही. विनंती क्लार्क करू शकतो, पण रिपोर्ट ज्या विभागप्रमुखांच्या नावावर आहे त्यांची सही लागते. रिपोर्टचा मेल आणखी कुणाला जात असेल तर त्यांनाही आधी विचारून घ्या.

घोडं अडतं ते आदल्या कामापाशी. रिपोर्ट स्वतः काही तयार करत नाही, डे-एंड, म्हणजे दिवसाचे व्यवहार बंद करण्याचं काम, झाल्यावर जमलेला डेटा तो उचलतो. त्यामुळे अर्जासोबत डे-एंड रोज किती वाजता संपतो याची महिनाभराची यादी जोडावी लागते. ती कुणाकडेच तयार नसते, आणि फॉर्मवर तसं लिहिलेलंही नाही! रात्रपाळीच्या ऑपरेटरला लॉगमधून काढून द्यायला सांगा. सरासरी नको, सगळ्यात उशिराचा दिवस बघा.

आमच्या लेखा विभागातल्या एका ताईंचंच घ्या. रिपोर्ट काढणारा जॉब साडेआठला सुरू व्हायचा, पंचवीस मिनिटं चालायचा, मेल 8.55 ला. त्यांना तो आठच्या आत हवा होता. उगाच रिस्क नको म्हणून त्यांनी पहाटे पाचची वेळ मागितली. यादी काढली तर डे-एंड एरवी सव्वासहाला संपत होता, पण 1 तारखेला 7.20 झाले होते. पाचला जॉब चालला असता तर अर्धवट डेटावर रिपोर्ट निघाला असता आणि स्क्रीनवर तरीही ‘success’च दिसलं असतं.

दुसरी गोम सर्व्हरच्या घड्याळात होती. ते यूटीसीवर चालतं, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. आपल्या 15 तारखेच्या पहाटे पाचला तिथे 14 तारखेचे रात्रीचे साडेअकरा वाजलेले असतात. रिपोर्ट ‘कालचा’ डेटा मागतो, म्हणजे 14 ऐवजी 13 तारखेचा आला असता. म्हणून अर्जात ‘सकाळी 7.30, भारतीय वेळ’ असं स्पष्ट लिहा, आणि मेल कधी हवा तेही वेगळं लिहा. नुसतं ‘आठला’ लिहिलं तर टीम जॉब आठला सुरू करते आणि तुम्ही आठला मेलची वाट बघत बसता.

ताईंची वेळ शेवटी साडेसात ठरली. सर्व्हरवरच्या नोंदीत आधी मिनिट आणि मग तास असतो, तोही यूटीसीचा, म्हणून तिथे तीनचे दोन झाले:

```
जुनी: 0 3 * * *
नवी:  0 2 * * *
```

वेळ बदलून देण्याच्या मुदतीचे तीन कामकाजाचे दिवस मंजुरीपासून मोजतात, अर्ज दिल्यापासून नाही. साहेबांची सही आठवडाभर टेबलावर अडकली तर तो आठवडा तुमचाच गेला, त्यात टीमशी भांडून उपयोग नाही.

बदल झाल्यावर जुनी नोंद लगेच काढू देऊ नका. पुढची 1 तारीख उलटेपर्यंत दोन्ही मेल येऊ देत, आणि वरची तारीख, एकूण ओळी व शेवटची बेरीज रोज ताडून बघा. साडेसातच्या रिपोर्टात ओळी कमी निघाल्या तर त्या दिवशी डे-एंड लांबला होता, असं धरून आधी ऑपरेटरला फोन करा.