पुनरुक्ती वेगळी, दुसरं नाव वेगळं: वर्णन छाटताना नेमकं काय उडवायचं

कोकणातला माल ऑनलाइन विकणाऱ्या ओळखीच्या लोकांची वर्णनं मी बरीच वर्षं दुरुस्त करून देतो. त्यात एकच गोंधळ पुन्हा पुन्हा बघतो. एकाच गोष्टीसाठी तोच शब्द पाच वेळा लिहिणं आणि त्या गोष्टीची दोन-तीन निरनिराळी नावं लिहिणं, हे दोन्ही लोकांना सारखंच वाटतं. मग कोणी दोन्ही ठेवतं, कोणी दोन्ही उडवतं. दोन्हींत नुकसान विकणाऱ्याचंच.

हे एक वर्णन बघा. एका घरातून असंच माझ्याकडे आलं होतं:

«आमच्या कोकणातलं अस्सल कोकम. शुद्ध, नैसर्गिक, १००% नैसर्गिक कोकम. हे कोकम कोकणात घरगुती पद्धतीने तयार केलेलं असून पूर्णपणे नैसर्गिक आहे. उत्तम दर्जाचं, अप्रतिम चवीचं कोकम. सोलकढीसाठी कोकम, आमटीसाठी कोकम, माशांच्या आमटीसाठी कोकम. कोकम, आमसूल, सोलं, कोकम आगळ, कोकम सरबत, कोकम बटर. एकदा घ्याल तर पुन्हा पुन्हा मागाल.»

‘कोकम’ अकरा वेळा, ‘नैसर्गिक’ तीन वेळा. वजन मात्र कुठेच नाही. मीठ लावलेलं आहे की बिनमिठाचं, तेही नाही. घेणारी बाई आधी हेच विचारते, कारण आमटीत मीठ किती घालायचं ते त्यावर ठरतं.

पुनरुक्तीबद्दल फार सांगायला नको, ती डोळ्यांना दिसते. शब्द अकरा वेळा लिहिल्याने माल अकरापट वर येत नाही. गूगलच्या नियमांत शब्दांची अशी कोंबाकोंबी स्पॅममध्ये मोडते. ‘अस्सल’, ‘शुद्ध’, ‘अप्रतिम’ तर बिनदिक्कत काढावेत. ‘अप्रतिम’ असं टाइप करून कोकम शोधणारा माणूस मला अजून भेटलेला नाही.

खरी चूक होते ती पुढे. त्या घरातल्या मुलाने माझं ऐकून वर्णन छाटलं आणि हे उरवलं: «कोकम. घरगुती, उन्हात वाळवलेलं. सोलकढी व आमटीसाठी. २५० ग्रॅम.» वाचायला छान, सुटसुटीत. पण ‘आमसूल’ आणि ‘सोलं’ दोन्ही गेले. का काढलेस विचारलं, तर म्हणाला, “काका, तेच तेच होतं ना?”

वस्तू तीच आहे, शब्द तेच नाहीत. पुण्याकडच्या कित्येक घरांत ‘कोकम’ म्हणजे उन्हाळ्यातलं सरबत, आणि साराला लागतं ते ‘आमसूल’. ती बाई ‘आमसूल’च शोधणार. मालवण-गोव्याकडचा माणूस ‘सोलं’ म्हणेल. हे शब्द एकेकदा येणं म्हणजे पाल्हाळ नव्हे. तेवढाच एक शब्द एका गिऱ्हाइकाला त्या पाकिटापर्यंत आणतो, आणि तो काढला तर त्याची जागा घेणारं दुसरं काही वर्णनात नसतं.

आता त्याच ओळीतले बाकीचे तीन शब्द घ्या: आगळ, कोकम सरबत, कोकम बटर. दिसायला तेही ‘दुसरी नावं’ वाटतात, पण ती दुसऱ्या वस्तूंची नावं आहेत. आगळ म्हणजे रातांब्याचा मीठ घातलेला रस, बाटलीतला. सरबताचा पाक साखरेचा. बटर निघतं बियांतून. या शब्दांनी आलेल्या माणसाच्या हातात वाळलेल्या खारट सालींचं पाकीट पडलं, तर तो ते परत पाठवेल आणि वर एक तारा देऊन जाईल.

म्हणून प्रत्येक शब्दाला मी एकच प्रश्न लावतो: हा शब्द टाइप करून आलेला माणूस हे पाकीट उघडल्यावर ‘हो, हेच हवं होतं’ म्हणेल का? म्हणणार असेल आणि तो शब्द वर्णनात आधी आलेला नसेल, तर ठेवायचा. आधी आलेला असेल तर ती पुनरुक्ती. माणूस चिडणार असेल, तर तो शब्द कितीही शोधला जात असो, आपल्या कामाचा नाही. ‘सोलकढी’ या कसोटीला उतरते. ते आमसुलाचं नाव नव्हे, पण सोलकढी करायला निघालेल्या माणसाला आमसूल चालतं. फक्त तो शब्द उपयोग सांगणाऱ्या वाक्यात यावा, नुसत्या यादीत नको.

मराठीत आणखी एक खाच आहे आणि ती चांगल्या लिहिणाऱ्यांनाही चकवते. शब्दाला प्रत्यय लागला की त्याचं रूप बदलतं. ‘आमसूल’मधला दीर्घ ‘सू’ ‘आमसुलाचं’मध्ये ऱ्हस्व होतो. ‘तांदूळ’चं तर ‘तांदळाचं’ होतं. छोट्या दुकानांच्या साइटवरचा शोध बऱ्याचदा अक्षराला अक्षर लावून बघतो, त्याला व्याकरण कळत नाही. छाटताछाटता तुमच्याकडे फक्त ‘आमसुलाच्या सारासाठी उत्तम’ एवढंच उरलं, तर ‘आमसूल’ शोधणाऱ्याला ते पाकीट दिसणारच नाही. उलट ‘कोकमाची’मध्ये ‘कोकम’ जसंच्या तसं आहे, तिथे काही अंशी निभावतं. माझा नियम सरळ आहे: प्रत्येक नाव मूळ रूपात एकदा यायलाच हवं, शक्यतो शीर्षकात. बाकी वाक्यं मग व्याकरणाने जातील तशी जाऊ द्यावीत.

चुकीचं शुद्धलेखन (‘आमसुल’) आणि रोमन रूपं वाचकाच्या डोळ्यांसमोर नकोत. त्याबाबत मी हट्टी आहे. बऱ्याच विक्रीच्या साइटवर शोधशब्दांसाठी वेगळा, गिऱ्हाइकाला न दिसणारा रकाना असतो, त्यांची जागा तिथे. त्या रकान्याची मर्यादा कधीकधी बाइटमध्ये मोजतात हे लक्षात ठेवावं. UTF-8 मध्ये देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला, म्हणजे काना-मात्रेलाही, तीन बाइट लागतात. ‘आमसूल’चे पंधरा होतात, `amsul`चे पाच. त्यामुळे शीर्षकात आलेला शब्द तिथे पुन्हा लिहून जागा घालवू नये.

शेवटी ते वर्णन असं झालं:

«आमसूल (कोकम, सोलं), २५० ग्रॅम. रातांब्याची साल मीठ आणि रातांब्याच्याच रसात भिजवून आमच्या अंगणात उन्हात वाळवलेली. मीठ लावलेलं आहे, पदार्थात मीठ बेताने घालावं. सोलकढी, सार आणि माशांच्या आमटीसाठी. मे २०२५ मधलं. हवाबंद बरणीत ठेवावं.»

लपलेल्या रकान्यात: `kokum kokam amsul aamsul आमसुल`

तीन नावं, तिन्ही मूळ रूपात, एकेकदाच. ‘यंदाचं’ असं त्याने लिहिलं होतं, ते बदलून महिना आणि साल घातलं, कारण ‘यंदाचं’ पुढच्या वर्षी खोटं ठरतं आणि तोवर ते बदलायची आठवण कोणालाच राहत नाही. ‘घरगुती’ काढायला त्याची आई तयार नव्हती. ती स्वतः अंगणात साली वाळवते. मी म्हटलं, मग तेच लिहू. आता तिथे ‘उन्हात वाळवलेली’च्या आधी ‘आमच्या अंगणात’ असे दोन शब्द आहेत, आणि ‘घरगुती’ नाही.

नवं वर्णन टाकल्यावर दुसऱ्या कोणाच्या तरी फोनवरून दुकानाच्या शोधात आमसूल, आमसुल, कोकम, सोलं आणि `kokum` हे एकेक करून लिहून बघावं. पाचही वेळा पाकीट दिसायला हवं. मग ‘कोकम सरबत’ लिहावं. तेव्हा वर बाटली यायला हवी, हे पाकीट नाही.