पाय व पोटावरील अचानक सूज

काही दिवसांत किंवा दोन-तीन आठवड्यांत पाय जड होणे, पोट पुढे येणे आणि काट्यावर वजन वाढलेले दिसणे ही अवस्था. वरवर ती अंग धरल्यासारखी वाटते, पण पुष्कळदा शरीरात साठलेले पाणी हे तिचे कारण असते. पोटाच्या पोकळीत पाणी साठले तर त्याला जलोदर म्हणतात. मराठवाड्यात लोक सरळ ‘पोटात पाणी झालं’ असे म्हणतात.

चरबी आणि पाणी यांतला पहिला फरक वेगाचा आहे. एक किलो चरबी चढायला गरजेपेक्षा सुमारे ७,७०० कॅलरी जास्त पोटात जाव्या लागतात. तीन आठवड्यांत सहा किलो वाढायचे तर रोज साधारण २,२०० कॅलरी जादा, म्हणजे नेहमीच्या जेवणावर ज्वारीच्या सहा-सात मोठ्या भाकरी. इतके कोणी खात असेल तर घरच्यांना ते कळतेच. उलट भूक मंदावलेली असताना वजन चढत असेल, तर ती वाढ चरबीची नाही. पाण्याचा हिशेब सोपा आहे: एक लिटर म्हणजे एक किलो.

दुसरी खूण अंगठ्याने कळते. नडगीच्या हाडावर, घोट्याच्या थोडे वर, अंगठा दहा-पंधरा सेकंद दाबून धरावा. काढल्यावर खड्डा राहिला तर कातडीखाली पाणी आहे. अंथरुणाला खिळलेल्या माणसाचे पाय कोरडे दिसतात, कारण पाणी कमरेमागे उतरते. तिथे दाबून पाहावे. खड्डा पडला नाही म्हणून सगळे ठीक असेही नाही, थायरॉइडच्या किंवा जुन्या हत्तीरोगाच्या सुजेत तो पडत नाही. पोटाचे पाणी आडवे झाल्यावर दोन्ही कुशींत पसरते, बेंबी सपाट होते किंवा बाहेर येते. पुरुषांच्या कमरेचा करदोडा अचानक रुतू लागणे ही घरातल्या माणसाला सर्वांत आधी दिसणारी खूण.

सूज कुठून सुरू झाली हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये. सकाळी उठल्यावर डोळ्यांखाली फुगते आणि लघवीला फेस येतो, तेव्हा मूत्रपिंडातून प्रथिने गळत असण्याची शंका येते. संध्याकाळी पाय सुजतात आणि उताणे झोपल्यावर दम लागतो, तेव्हा हृदयाची. आधी पोट आणि मग पाय, असा क्रम यकृताच्या विकारात बहुधा दिसतो. अमलोडिपीनसारखी बीपीची गोळी, स्टेरॉइड आणि अंगदुखीच्या गोळ्या यांनीही सूज येते. ऊसतोडीच्या हंगामात अंगदुखीच्या गोळ्या कित्येकजण रोज घेतात. त्याबद्दल मुद्दाम विचारावे लागते, आपणहून कोणी सांगत नाही.

उदाहरणादाखल जालन्याकडचा पन्नाशीतला एक शेतकरी धरू. बरीच वर्षे दारू. दिवाळीत ५८ किलो, तीन आठवड्यांनी ६४. गावात सगळे म्हणतात तब्येत सुधारली, पण दंड काडीसारखे झालेले आणि नडगीवर खड्डा पडतो. सोनोग्राफीत पोटात पाणी दिसते. सुईने थोडे पाणी काढून त्यातले अल्ब्युमिन हे प्रथिन मोजले तर डेसिलिटरमागे ०.५ ग्रॅम, रक्तातले २.४. दोन्हींतला फरक १.९. हा फरक १.१ किंवा त्याहून जास्त असला तर यकृताच्या रक्तवाहिनीतला दाब वाढल्याचे धरतात. कमी असला तर पोटाचा क्षयरोग किंवा कर्करोग शोधावा लागतो. आपल्याकडे क्षयाची शंका लवकर बाजूला टाकता येत नाही. उपचाराने पाणी उतरल्यावर त्याचे वजन ५२ भरते. अंग आधीपासून झिजत होते आणि पाण्याने ते काट्यावर झाकले होते.

यकृताच्या जलोदरात स्पायरोनोलॅक्टोन आणि जोडीला फ्युरोसेमाइड या लघवी वाढवणाऱ्या गोळ्या देतात. रोज सकाळी, लघवी झाल्यावर, त्याच काट्यावर वजन घ्यायचे. केवळ पोटात पाणी असेल तर दिवसाला अर्ध्या किलोहून, पायांवरही सूज असेल तर एक किलोहून जास्त उतरू देत नाहीत, कारण पाणी भराभर काढले की मूत्रपिंड बसते. दुकानातून ‘लघवीची गोळी’ आणून स्वतः घेण्यात हाच धोका आहे.

मीठ दिवसाला पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे सगळे मिळून एक चहाचा चमचा. भाकरी अळणी असली तरी ठेचा, लोणचे, पापड आणि वाळवलेल्या खारट मिरच्या हा हिशेब बिघडवतात. सैंधव मीठही शेवटी सोडियमच. कमी सोडियमच्या मिठात पोटॅशियम असते. स्पायरोनोलॅक्टोन चालू असताना किंवा मूत्रपिंड दुबळे असताना ते रक्तात वाढून हृदयाचे ठोके बिघडू शकतात.

एकाच पायाला दुखरी सूज, बसल्याजागी दम, जलोदरात ताप व पोटदुखी, बरळणे, काळी शौच किंवा गरोदरपणात सुजेबरोबर डोके ठणकणे, यांपैकी काहीही असेल तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.