मारुती नाही, मारोती: एका व्हिलनच्या नावाची पार्श्वभूमी

यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्ह्याजवळच्या गावात बसून मुंबईतली क्राइम थ्रिलर लिहायची म्हणजे आधीच लोक हसतात, त्यात माझ्या पहिल्या ड्राफ्टमधल्या व्हिलनचं नाव होतं विक्रम राणा. शेजारी रिटायर झालेले जमादार काका राहतात, त्यांना दहा पानं वाचायला दिली. त्यांनी चष्मा काढून एवढंच विचारलं, "बाबू, हा कोणाचा पोरगा हाय? बापाचं नाव काय याच्या? अन् ऊर्फ कुठं हाय?"

तिथंच अडलो. आरोपीचं नाव पोलिसांच्या कागदावर कधी एकटं येत नाही, आधी स्वतःचं, मग बापाचं, मग आडनाव, आणि त्यानंतर ऊर्फ. राजेंद्र सदाशिव निकाळजे ऊर्फ छोटा राजन, असं. ऊर्फच्या डावीकडे घरानं दिलेलं नाव आणि उजवीकडे गल्लीनं दिलेलं. माझ्या विक्रम राणाला ना घर होतं ना गल्ली, तो थेट पोस्टरवरून उतरलेला होता.

मग मुंबईतली ही उजवीकडची नावं कशी बदलत गेली ते बघायला लागलो, आणि त्यात चांगला क्रम सापडला. पहिली पिढी गोदीतल्या स्मगलिंगची आणि मटक्या-दारूच्या अड्ड्यांची. हाजी मस्तान, करीम लाला, वरदाभाई. मस्तान मिर्झा आणि वरदराजन मुदलियार दोघंही मूळचे तमिळनाडूचे, करीम लाला अफगाणिस्तानकडचा पठाण. तिघांच्याही नावात मान आहे बघा, हाजी, लाला, भाई, जणू बिरादरीतल्या वडीलधाऱ्याला हाक मारताहेत.

त्यानंतर चाळीतली मराठी पोरं आली आणि सोबत आमचा तो "या" प्रत्यय आला. मनोहर सुर्वेचा मन्या झाला. कॉलेजात शिकलेला पोरगा, 11 जानेवारी 1982 ला वडाळ्यात पोलिसांच्या गोळीनं मेला, आणि एन्काउंटरचा विषय निघाला की आजही त्याचंच नाव आधी येतं. त्याच महिन्यात, 18 तारखेला, गिरणी संप सुरू झाला आणि अडीच लाखाच्या आसपास कामगार घरी बसले, म्हणजे गल्लीत रिकामी पोरं किती झाली असतील तो हिशेब तुम्हीच करा. हा "या" आईपण लावते, दोस्तपण लावतो आणि शिवी द्यायची असली तरी हाच लागतो. प्रकाशचा पक्या, सुरेशचा सुऱ्या, गणेशचा गण्या. नावाचं पहिलं अक्षर किंवा दोन अक्षरं ठेवायची, बाकी गाळायचं आणि शेवट या वर आपटायचा.

तिसरी तऱ्हा छोटा-बडाची. राजन नायर म्हणजे बडा राजन, त्याला 1983 मध्ये कोर्टाच्या आवारात गोळ्या घातल्या, आणि त्याच्या हाताखालचा टिळकनगरचा निकाळजे, सहकार सिनेमाबाहेर तिकिटं ब्लॅक करणारा, तो छोटा राजन. यात राजन हे त्याचं स्वतःचं राहिलंच नाही, ते गादीचं नाव झालं. म्हणून आता कुणी व्हिलनला छोटा अमुक ठेवलं की ते उसनंच वाटतं, कारण त्या छोटाच्या मागं बडा कोण होता ते वाचणारा आपोआप शोधतो. शोलेतला गब्बर तर सरळ उसना, चंबळमध्ये त्या नावाचा खराखुरा डाकू होता, 1959 मध्ये मारला गेला. पण 1975 नंतर ते नाव दुसऱ्या कुणाला वापरताच येत नाही.

आता माझा व्हिलन. जन्म 1974 चा, गाव यवतमाळकडचं, अठराव्या वर्षी मुंबईत, कुर्ल्यात भंगारच्या गोदामात कामाला आणि मग पाण्याचे टँकर. गिरणगावात त्याला वाढवला असता तर फसलो असतो, तिथली वस्ती मुख्यतः कोकणातली आणि घाटावरची, आमच्याकडचे लोक गिरणीत जायचे ते नागपूरच्या एम्प्रेस मिलमध्ये, ती 1877 पासून होती. म्हणून कुर्ला.

पहिलं नाव निवडलं पुंडलिक. वऱ्हाडातलं, वयाला शोभणारं. पण या लावला की होतो पुंड्या, आणि पुंड म्हणजे आधीच गुंड! वाचणाऱ्याला वाटणार लेखक कोपऱ्यातून डोळा मारून राहिला. कटाप. मग गजानन. शेगावच्या महाराजांमुळं आमच्याकडं प्रत्येक गावात दोन-चार गजानन असतातच, नाव शंभर टक्के खरं, पण खून करणाऱ्याला ते द्यायला माझाच हात धजला नाही. सचिन-अमोलही मनात आले, पण या माणसाला ते शोभत नव्हते.

मग सापडलं मारोती. पुण्या-साताऱ्याकडं मारुती म्हणतात, आमच्याकडं मारोती. कन्नमवार मुख्यमंत्री झाले 1962 मध्ये, त्यांचंही नाव मारोतराव. एका मात्रेत जिल्हा कळतो. आणि कुर्ल्यातल्या हिंदी बोलणाऱ्या पोरांनी त्याचं काय केलं असतं? "मारो". पुतण्या म्हणाला काका, हापण पुंड्यासारखाच जोक झाला न बे. नाही. पुंड्या मी बसून केलेला जोक आहे, मारो पोरांनी केलेला आहे, त्यांना मारोती म्हणताच येत नाही म्हणून झालेला, आणि पहिल्यांदा कोण म्हणालं ते मी दुसऱ्या चॅप्टरमध्ये दाखवलंय, टँकरवरच्या क्लीनरनं, पाइप उचलताना.

आडनावात जास्त वेळ गेला. आपल्याकडं आडनाव सांगितलं की समोरचा मनात जात काढतो, मग व्हिलन एका माणसाचा न राहता समाजाचा होतो आणि वाचणारा भलतीकडं भांडत बसतो. वतनाची आडनावं, देशमुख-पाटील, ती तर लगेच वजन आणतात. तालुक्यात एकच खानदान असलेलं आडनाव त्याहून वाईट, ते लोक खरंच दारात येतील. बदनामीचं कलम (आता न्याय संहितेतलं 356, आधीचं 499-500) मेलेल्या माणसाबद्दलही लागू शकतं, आणि "सर्व पात्रे काल्पनिक" छापलं म्हणजे सुटलो असं काही नाही.

म्हणून टाकळीकर. टाकळी नावाची गावं यवतमाळ, अकोला, जळगाव, सोलापूर सगळीकडं आहेत, त्यामुळं कोणती टाकळी, कोणत्या जातीचा, काही हाती लागत नाही. या आडनावाचे लोक आहेतच, असणारच, प्रश्न एवढाच की पूर्ण नाव कुणाचं आणि तसल्याच धंद्यातल्या कुणाचं आहे का. ई-कोर्ट्सच्या साइटवर पक्षकाराच्या नावानं केस शोधता येते, तिथं मुंबई आणि नागपूर दोन्ही बघितलं, मग पेपरच्या जुन्या बातम्या. मारोती आणि मारुती दोन्ही स्पेलिंगनं बघावं लागतं हं, हे विसरलात तर अर्धीच तपासणी.

आणि त्या दोन स्पेलिंगनंच मला प्लॉट दिला. कुर्ल्याच्या ठाण्यातला हवालदार सातारचा, तो सवयीनं लिहितो मारुती किसन टाकळीकर ऊर्फ मारो. गावाकडच्या जुन्या गुन्ह्यात नोंद आहे मारोती. नऊ वर्षं हे दोन कागद एकमेकांना भेटतच नाहीत.

जमादार काकांना नवा ड्राफ्ट दिला. ऊर्फवर त्यांनी बोट ठेवलं, मान हलवली, पुढं गेले. मग आईचा फोन येतो त्या पानावर थांबले. "माय त्याले मारोती काहून म्हणून राह्यली? माय मारोत्या म्हणते. मारोती म्हटलं म्हणजे तिले समजलं हाय, पोट्टं काय करून राह्यलं ते."

तो सीन परत लिहायला घेतलाय.