भाडेकराराच्या एका कलमाचा फोटो: कोणी, काय, कधीपर्यंत आणि नाही केलं तर

गेल्या मे महिन्यात भाच्याने पुण्याहून व्हॉट्सअॅपवर एक फोटो पाठवला. करारातलं एकच कलम, खालून अर्धी ओळ कापलेली, आणि सोबत प्रश्न: "मामा, यात मला नक्की काय काय करायचंय?" एजंटने सांगितलं होतं, "सगळं स्टँडर्ड आहे, सही करा."

महाराष्ट्रात राहायला घर भाड्याने घेताना बहुतेक वेळा 'लिव्ह अँड लायसन्स' होतं. त्यात मालक म्हणजे परवाना देणारा, आपण परवानाधारक आणि भाडं म्हणजे परवाना शुल्क. पुढे सांगतोय ते अशाच राहत्या घराच्या करारांबद्दल. दुकान किंवा ऑफिसच्या जागेला यातल्या काही तरतुदी लागू होत नाहीत.

आधी फोटोबद्दल. नुसतं कलम पुरत नाही. त्यासोबत पान क्रमांक, कराराची मुदत सांगणारं पान आणि रकमांचं पान हवं, कारण कलमात "सदर कालावधीत" लिहिलेलं असतं आणि तो कालावधी दुसऱ्याच पानावर असतो. फोटोत एखादं शून्य पुसट आलं तरी हिशोब दहापट बदलतो, म्हणून रक्कम आकड्यात आणि अक्षरात जुळते का ते बघायचं. शिवाय फोटो कशाचा आहे, तेही विचारायचं: एजंटने पाठवलेल्या मसुद्याचा की नोंदणी झालेल्या प्रतीचा? दोन्हींत फरक निघू शकतो, आणि चालते ती नोंदलेली प्रत.

भाच्याचं कलम, कापलेली ओळ पुन्हा मागवून घेतल्यावर, असं होतं:

"परवानाधारकाने दरमहा रु. १८,०००/- परवाना शुल्क प्रत्येक इंग्रजी महिन्याच्या ५ तारखेपर्यंत आगाऊ अदा करावे; कसूर झाल्यास प्रतिदिन रु. १००/- दंड देय राहील. पहिले सहा महिने लॉक-इन कालावधी राहील व सदर कालावधीत परवानाधारकास करार संपुष्टात आणता येणार नाही. आणल्यास उर्वरित लॉक-इन कालावधीचे शुल्क देय राहील. त्यानंतर उभय पक्षांपैकी कोणीही एक महिन्याची लेखी सूचना देऊन करार संपुष्टात आणू शकेल. मुदत संपल्यावर जागा रिकामी न केल्यास प्रतिदिन रु. १,२००/- नुकसानभरपाई देय राहील. अनामत रक्कम रु. ६०,०००/- थकबाकी व नुकसानीची वजावट करून विनाव्याज परत करण्यात येईल."

मुदत १ जून २०२५ ते ३० एप्रिल २०२६, म्हणजे अकरा महिने.

अशा कलमाचं मी एकच करतो. प्रत्येक क्रियापदाशी थांबतो आणि चार गोष्टी विचारतो: हे कोणी करायचं, काय करायचं, कधीपर्यंत, आणि नाही केलं तर काय? उत्तरं वहीत चार रकान्यांत उतरवायची. 'कधीपर्यंत'च्या रकान्यात शब्द नकोत, तारीख हवी.

पहिलं क्रियापद 'अदा करावे'. कोणी? भाच्याने. कधीपर्यंत? ५ तारखेपर्यंत, म्हणजे ५ तारीख धरून. 'आगाऊ' या एका शब्दामुळे जूनचं भाडं ५ जूनलाच द्यायचं, महिना संपल्यावर नाही. १२ तारखेला दिलं तर सात दिवसांचे ७०० रुपये. इथवर सोपं आहे.

लॉक-इनपाशी मात्र जरा बसावं लागतं. १ जूनपासून सहा महिने म्हणजे ३० नोव्हेंबरपर्यंत. समजा भाच्याची बदली झाली आणि त्याने ३० सप्टेंबरला घर सोडलं, तर ऑक्टोबर आणि नोव्हेंबरचे ३६,००० रुपये कागदावर त्याच्या नावे चढतात. करार कायद्याचं कलम ७४ सांगतं की करारात लिहिलेली अशी रक्कम ही कमाल मर्यादा असते आणि त्या मर्यादेत वाजवी भरपाई मिळते. मालकाला १ ऑक्टोबरलाच नवा भाडेकरू मिळाला, तर पूर्ण ३६,००० वर हरकत घ्यायला जागा आहे. पण अनामत मालकाच्या हातात असते. तो आधी कापून घेतो आणि वाद घालत बसायचं ते आपण. म्हणून वहीत मी ३६,००० च लिहिले, बाजूला 'कमाल' असा शेरा मारून.

याच वाक्यात आणखी एक गाठ आहे. "त्यानंतर... एक महिन्याची लेखी सूचना देऊन". सूचना नोव्हेंबरच्या सुरुवातीला देऊन ३० नोव्हेंबरला बाहेर पडता येईल, की सूचनाच १ डिसेंबरनंतर द्यायची आणि घर डिसेंबरअखेर सुटायचं? शब्द दोन्हीकडे ओढता येतात आणि फरक एका महिन्याच्या भाड्याचा, १८,००० रुपयांचा आहे. अशा ठिकाणी आपल्या सोयीचा अर्थ वहीत लिहायचा नाही. महागातला अर्थ लिहायचा आणि सही करण्याआधी वाक्य दुरुस्त करून मागायचं. सूचना 'लेखी' म्हटली आहे, तेव्हा नुसत्या फोनवर विसंबू नये. मालकाच्या करारातल्या पत्त्यावर स्पीड पोस्टने पत्र धाडायचं, पावती जपून ठेवायची आणि तेच पत्र व्हॉट्सअॅप किंवा ईमेलवरही टाकायचं.

बाहेर न पडल्याचा दंड रोज १,२००. हा आकडा मालकाने हवेतून काढलेला नाही. १८,००० भागिले ३० म्हणजे रोजचे ६००, त्याची दुप्पट १,२००. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम २४ मध्येच मुदतीनंतर राहिल्यास दुप्पट दराने भरपाई सांगितली आहे. म्हणजे करारात ही ओळ नसती तरी भाच्याच्या डोक्यावर ती होतीच. ३० एप्रिलनंतर दहा दिवस राहिला तर १२,००० रुपये.

आता शेवटचं वाक्य: "परत करण्यात येईल". कोण परत करणार? कर्मणी प्रयोगाची हीच गंमत आहे, कर्ता पडद्याआड जातो. भाच्याच्या प्रत्येक कामाला तारीख आहे आणि चुकल्यास रुपये आहेत. मालकाच्या या एकमेव कामाला मात्र तारीख नाही, उशिराचा दंड नाही, आणि 'नुकसान' कशाला म्हणायचं हेही नाही. वहीत त्या ओळीचे दोन रकाने कोरे राहिले. अख्ख्या कलमात मला सगळ्यात महत्त्वाचे वाटले ते हेच दोन कोरे रकाने.

काही कामं कलमात नसतात, कायद्यातून येतात. त्याच अधिनियमाचं कलम ५५ सांगतं की करार लेखी आणि नोंदणीकृत हवा आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची. न केल्यास त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. शिवाय नोंदणी नसेल तर अटींबाबत भाडेकरू जे सांगेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरं धरलं जातं. "अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही, नोटरी पुरे" हे तुम्हीही ऐकलं असेल. तो समज नोंदणी अधिनियमातल्या एका वर्षावरच्या भाडेपट्ट्याच्या नियमावरून आला आहे. महाराष्ट्रात कलम ५५ मुळे अकरा महिन्यांचा करारही नोंदवावाच लागतो.

नोंदणीला मुदतही आहे. सह्या झाल्यापासून चार महिन्यांत दस्त सादर करायचा. त्यानंतर आणखी चार महिने दंड भरून दार उघडं असतं आणि तो दंड नोंदणी फीच्या दहापटीपर्यंत जातो. मुद्रांक शुल्क पूर्ण मुदतीचं भाडं आणि अनामतीवर वर्षाला १० टक्के दराने धरलेलं व्याज यांच्या बेरजेवर ०.२५ टक्के. भाच्याच्या बाबतीत भाडं १,९८,००० आणि व्याज ५,५००, मिळून २,०३,५००, म्हणून शुल्क पाच-सहाशे रुपयांच्या घरात. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,००० रुपये. हा खर्च कोणी करायचा ते करारात लिहिलेलं असावं, नाहीतर एजंट सगळा बोजा भाडेकरूवर टाकतो.

नोंदणी व मुद्रांक विभागाच्या ई-नोंदणी सुविधेतून हे घरबसल्या होतं. दोन्ही पक्षांचं आणि दोन साक्षीदारांचं आधार, पॅन आणि जागेचा तपशील देणारं वीजबिल किंवा मालमत्ता कराची पावती जवळ ठेवा. फोटो आणि अंगठ्याचा ठसा तिथेच घेतला जातो. नोंदणी झाल्यावर पूर्ण दस्त आणि त्याच्या नोंदीचा गोषवारा असलेली सूची क्रमांक २ डाउनलोड करून घ्या आणि वहीतल्या तारखा त्या दस्ताशी पुन्हा ताडून पाहा. पोलिसांना भाडेकरूची माहिती देणंही राहून जातं. पोलीस आयुक्तांचा तसा आदेश असेल तिथे ते काम मालकाचं, आणि आदेश मोडणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २२३ खाली गुन्हा ठरतो. माहिती ऑनलाइन भरता येते, तिची पावती मालकाकडून मागून घ्यावी.

एक मुदत अशी आहे जिची कोणी आगाऊ कल्पना देत नाही. मुदत संपून घर सोडलं नाही आणि मालक घर खाली करून मागायला भाडे नियंत्रण अधिनियमाखालच्या सक्षम प्राधिकाऱ्याकडे गेला, तर समन्स हातात पडल्यापासून ३० दिवसांत प्रतिज्ञापत्र देऊन आपली बाजू मांडायची परवानगी मागावी लागते. ते चुकलं तर मालकाचं म्हणणं मान्य आहे असं धरून घर खाली करण्याचा आदेश निघतो. आणि त्या कार्यवाहीत लेखी करारात लिहिलेलं तेच निर्णायक पुरावा मानलं जातं. "एजंट म्हणाला होता की महिनाभर राहिलात तरी चालेल" याला तिथे किंमत नाही.

भाच्याने सही अजून केली नव्हती, हे बरं. आम्ही मालकाला दोनच वाक्यं बदलायला सांगितली. सूचना लॉक-इनमध्येही देता येईल, फक्त घर ३० नोव्हेंबरच्या आत सुटणार नाही. आणि "परवाना देणारा जागेचा ताबा मिळताच त्याच दिवशी अनामत परत करेल, वजावट केल्यास तिचा लेखी तपशील व बिले देईल, विलंब झाल्यास प्रतिदिन रु. १००/- देईल."

मालकाने पहिलं लगेच मानलं. दुसऱ्यात 'त्याच दिवशी'चं 'सात दिवसांत' करून घेतलं आणि रोजचे शंभर मात्र जसेच्या तसे राहू दिले. भाच्याने नव्या पानाचा फोटो पाठवला, तेव्हा त्यात पान क्रमांकही आला होता.